रात्री उशिरा आलेला पाहुणा खोलीतून पुन्हा पुन्हा फोन करतो: की-कार्ड, वाय-फाय आणि नाश्त्याची वेळ सांगताना काय चुकते

पेडणे तालुक्यातील एका मध्यम आकाराच्या हॉटेलात मी रात्रपाळीच्या फ्रंट डेस्कची जबाबदारी सांभाळतो. मोपा येथील मनोहर विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमाने सुरू झाल्यापासून आमच्याकडे मध्यरात्रीनंतर येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यांत पुणे-कोल्हापूरकडून घाट उतरून, बांदा-पत्रादेवीमार्गे स्वतःच्या गाडीने येणाऱ्या कुटुंबांची भर पडते. या पाहुण्यांच्या बाबतीत एकच अडचण आमच्याकडे सतत येत असे. रिसेप्शनवर सर्व माहिती नीट सांगून वर पाठवलेला पाहुणा पंधरा-वीस मिनिटांत खोलीतून फोन करी, दार उघडत नाही किंवा दिवे लागत नाहीत असे सांगे, नंतर वाय-फायसाठी पुन्हा फोन करी, आणि सकाळी पावणेअकरा वाजता खाली येऊन नाश्ता बंद झाल्याचे कळल्यावर रागावे. रात्री डेस्कवर एकच माणूस असतो आणि सोबत फाटकावरचा सुरक्षारक्षक, त्यामुळे प्रत्येक फोनसाठी डेस्क सोडून वर जाणे शक्य होत नाही.

आम्ही बराच काळ असे समजत होतो की पाहुणे थकलेले असल्यामुळे लक्ष देत नाहीत. नंतर रात्रीच्या प्रत्येक फोनची वेळ, खोली आणि नेमकी तक्रार एका वहीत लिहायला सुरुवात केली, तेव्हा निम्मा दोष बोलण्याच्या क्रमात आणि निम्मा कार्ड बनवण्याच्या पद्धतीत असल्याचे दिसले. दोन्ही दोष बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून त्यांची गल्लत होते. त्यांतला कार्डाचा दोष आधी दूर केला पाहिजे, कारण कार्डच चुकीचे बनले असेल तर कितीही चांगले बोलून उपयोग नाही.

दुसरे कार्ड पहिल्याला बंद करते

आमच्या वहीतील एक प्रसंग सविस्तर सांगतो. एका शुक्रवारच्या आरक्षणावर आई-वडील, दोन मुले आणि आजोबा असे पाच जणांचे कुटुंब रात्री एक वाजून वीस मिनिटांनी पोहोचले. त्यांनी दोन कार्डे मागितली. डेस्कवरच्या मुलाने पहिले कार्ड एन्कोडरवर ठेवून ‘नवीन कार्ड’ निवडले आणि दुसरे कार्डही तसेच, ‘नवीन कार्ड’ निवडूनच बनवले. वडिलांनी पहिल्या कार्डाने दार उघडले आणि ते कार्ड दाराजवळच्या दिव्यांच्या खोबणीत ठेवले. थोड्या वेळाने ते गाडीतली पिशवी आणायला दुसरे कार्ड घेऊन खाली आले, परत जाताना त्या दुसऱ्या कार्डाने दार उघडले आणि सगळे झोपले. त्या क्षणापासून पहिले कार्ड दारासाठी निकामी झाले होते, पण कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते, कारण खोलीतले दिवे त्याच कार्डावर व्यवस्थित चालू होते.

सकाळी साडेआठला आजोबा खोबणीतले कार्ड घेऊन नाश्त्याला गेले आणि परत आल्यावर त्यांना दारावर लाल दिवा दिसला. एव्हाना सकाळची पाळी सुरू झाली होती. सकाळच्या मुलीने, “आजोबा, कार्ड मोबाईलजवळ ठेवलं होतं का?” असे विचारले आणि त्यांना पुन्हा एक ‘नवीन कार्ड’ करून दिले. त्या कार्डाने दार उघडताच वडिलांच्या खिशातले दुसरे कार्डही निकामी झाले, आणि दुपारी समुद्रावरून परतलेल्या आईला तेच कार्ड घेऊन पुन्हा रिसेप्शनवर यावे लागले. एका रात्रीच्या चुकीमुळे दोन पाळ्यांत दोन तक्रारी झाल्या, आणि रात्री कार्ड बनवणाऱ्याला यातले काहीच कळले नाही.

कारण असे आहे की हॉटेलच्या दारांवरील बहुतेक कुलुपे संगणकाशी जोडलेली नसतात. ती बॅटरीवर चालतात आणि कार्ड खरे की खोटे हे स्वतःच ठरवतात. ‘नवीन’ म्हणून बनवलेल्या कार्डावर आधीच्या कार्डापेक्षा पुढचा क्रम लिहिलेला असतो. असे कार्ड कुलुपाला लागले की नवीन पाहुणा आला असे कुलूप समजते आणि आधीच्या क्रमाची कार्डे नाकारू लागते. आदला पाहुणा कार्ड घेऊन निघून गेला तरी त्याला खोली उघडता येऊ नये, यासाठी ही योजना केलेली आहे आणि ती योग्य आहे. म्हणून पहिले कार्ड लगेच बंद होत नाही. दुसरे कार्ड दाराला प्रथम लागते तेव्हाच ते बंद होते, आणि त्यामुळे तक्रार उशिरा, बहुधा दुसऱ्या पाळीत येते.

उपाय सोपा आहे. एकाच खोलीला दोन कार्डे द्यायची असतील तर एन्कोडरच्या पडद्यावर कार्डांची संख्या दोन भरून दोन्ही एकाच वेळी बनवावीत, किंवा पहिले ‘नवीन’ आणि दुसरे ‘डुप्लिकेट’ म्हणून बनवावे. राहत असलेल्या पाहुण्याने आणखी एक कार्ड मागितले तर तेही डुप्लिकेटच असले पाहिजे. ‘नवीन’ फक्त दोन प्रसंगी वापरावे: पाहुणा खरोखर नवीन असताना, आणि कार्ड हरवल्याची तक्रार असताना. हरवलेल्या कार्डाच्या बाबतीत जुने बंद व्हावे अशीच आपली इच्छा असते, मात्र तेव्हा कुटुंबाकडे असलेली उरलेली कार्डेही परत घेऊन नव्याने बनवून द्यावी लागतात. आम्ही एन्कोडरवर ही सूचना मोठ्या अक्षरांत चिकटवली आहे.

दोष हाच आहे का, हे ओळखण्याची खूण अशी की तक्रारीचे कार्ड एन्कोडरवर वाचले तर खोलीचा क्रमांक आणि मुदत दोन्ही बरोबर दिसतात, तरीही दार उघडत नाही, आणि त्याच खोलीचे दुसरे कार्ड मात्र चालते. दोन्ही कार्डे चालत नसतील तर कारण वेगळे असते. आतून कडी लावलेली असू शकते, कुलुपाची बॅटरी उतरलेली असू शकते, किंवा बॅटरी बदलल्यानंतर कुलुपाचे घड्याळ पुन्हा लावायचे राहिलेले असू शकते. अशा वेळी नवे कार्ड बनवत बसू नये, देखभाल विभागाच्या माणसाला बोलवावे.

मोबाईलवर दोष ढकलण्याची सवय सोडली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ज्या कार्डांच्या पाठीवर काळी किंवा तपकिरी पट्टी असते आणि जी खाचेत सरकवावी लागतात, ती चुंबकाजवळ ठेवल्याने बिघडू शकतात. पण केवळ टेकवून चालणारी कार्डे मोबाईलने पुसली जात नाहीत. त्यांच्या बाबतीत एवढेच होते की पाहुणा मोबाईलच्या कव्हरमध्ये बँकेच्या कार्डासोबत की-कार्ड ठेवतो आणि सगळे एकत्र दाराला लावतो. मग वाचकयंत्राला एकाच वेळी दोन कार्डांचे उत्तर मिळते आणि ते दोन्ही नाकारते. “कार्ड कव्हरमधून बाहेर काढून एकटं लावा,” एवढे सांगितले तर काम होते.

मध्यरात्रीनंतरची आणखी एक चूक मुदतीची. हॉटेलची संगणकप्रणाली रात्री नाईट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करून तारीख पुढे नेण्याचे काम, होईपर्यंत आदल्याच तारखेवर असते, तर एन्कोडर स्वतंत्र असेल तर तो घड्याळाच्या तारखेवर चालतो. शुक्रवारचा पाहुणा रात्री एक वाजता आला की एकीकडे शुक्रवार असतो आणि दुसरीकडे शनिवार. अशा वेळी एन्कोडरमध्ये ‘दोन रात्री’ असे भरले तर कार्ड रविवारऐवजी सोमवारपर्यंत चालते. म्हणून रात्री बाराच्या पुढे कार्ड बनवताना रात्रींची संख्या भरू नये, सुटण्याची तारीख आणि वेळच भरावी.

काय सांगायचे आणि कोणत्या क्रमाने

आमचे जुने निवेदन पाठ केलेले होते आणि त्याची सुरुवात स्वागतपेयापासून होई. पुढे जलतरण तलाव, स्पा, नाश्ता, वाय-फाय आणि शेवटी चावी. आठ तास प्रवास करून आलेल्या माणसाला या सगळ्यांतून पुढच्या पाच मिनिटांत फक्त दोन गोष्टी लागतात, दार उघडणे आणि दिवा लावणे, आणि नेमक्या त्याच गोष्टी आम्ही शेवटी, त्याने बॅगा उचलल्यावर सांगत होतो. आता क्रम वापराप्रमाणे ठेवला आहे. जे आधी लागणार ते आधी सांगायचे, आणि जे सकाळी लागणार ते कार्डाच्या पाकिटावर लिहून हातात द्यायचे. तलाव आणि स्पा यांचा उल्लेख रात्री करायचाच नाही.

ओळखपत्र आणि नोंदणीची सही हे आधी उरकून घ्यावे. अपेक्षित पाहुण्यांचे अर्ज आम्ही रात्री अकरा वाजताच भरून ठेवतो, म्हणजे केवळ सही उरते. त्यानंतर पेन खाली ठेवले जाईपर्यंत काहीही सांगू नये, कारण सही करणारा माणूस ऐकत नसतो. मग पाकीट त्याच्यासमोर उघडून असे बोलावे:

“सर, ही तुमची खोली.” (येथे क्रमांक तोंडाने न उच्चारता पाकिटावर लिहिलेल्या क्रमांकावर पेन टेकवावे. लॉबीत दुसरे कोणी असेल तर एकट्या प्रवाशाचा खोली क्रमांक त्याच्या कानावर जाऊ नये.) “लिफ्टनं दुसऱ्या मजल्यावर जाऊन डावीकडे वळा. कार्ड दारावरच्या काळ्या चौकोनाला टेकवून क्षणभर तसंच धरा. हिरवा दिवा दिसला की मग हँडल खाली दाबा.”

इथे थांबावे. हिरवा दिवा दिसण्याआधीच हँडल दाबून धरणे ही ‘दार उघडत नाही’ या तक्रारीमागची सर्वांत साधी गोष्ट आहे, आणि हिरवा दिवा काही सेकंदच राहतो, म्हणून आधी टेकवणे व मग हँडल हा क्रम हाताने करून दाखवावा. आम्ही डेस्कच्या कडेला एक जुने, बंद पडलेले कुलूप लावून घेतले आहे, त्यावर दाखवणे सोपे जाते.

“आत गेल्यावर उजव्या हाताला भिंतीवर एक खोबण आहे. त्यात हेच कार्ड ठेवलं की दिवे आणि एसी सुरू होतील. हे दुसरं कार्ड खिशात राहू द्या. खोलीबाहेर जाताना खोबणीतलं कार्ड काढलं की थोड्या वेळानं सगळं आपोआप बंद होतं.”

खोबण कोणत्या हाताला आहे हे खोलीगणिक बदलत असेल तर पाकिटावर ‘उ’ किंवा ‘डा’ असे लिहून ठेवावे. अंधारात भिंत चाचपणाऱ्या माणसाला एवढी माहिती पुरते. लहान मूल झोपलेले असेल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर या वाक्यापाशी सुरक्षारक्षकाला बॅग घेऊन सोबत पाठवावे आणि खोबणीत कार्ड त्यानेच ठेवावे.

वाय-फाय

वाय-फायबद्दल डेस्कवर एकच वाक्य पुरे: “वाय-फायचं नाव आणि लॉगिन कसं करायचं ते पाकिटाच्या आत लिहिलं आहे. खोलीचा क्रमांक आणि आरक्षणावरचं आडनाव टाकायचं.” आडनाव हा शब्द मात्र तसाच सोडून चालत नाही. संकेतस्थळावरून केलेल्या आरक्षणात अनेकदा नाव आडनावाच्या जागी येते, किंवा दोन्ही एकत्र लिहिलेले असते, आणि पाहुणा आपले खरे आडनाव टाकतो तेव्हा प्रणाली ते नाकारते. म्हणून पाकिटावर आडनाव आपणच लिहावे, आणि तेही प्रणालीत ज्या रोमन स्पेलिंगने नोंदलेले आहे त्याच स्पेलिंगने. पाहुण्याला ते नुसते उतरून काढायचे असते.

तरीही लॉगिनचे पान उघडत नाही अशी तक्रार आली, तर आधी घड्याळ पाहावे. नाईट ऑडिट चालू असताना चेक-इनची नोंद इंटरनेटच्या प्रणालीकडे पोहोचत नाही, किंवा उशिरा पोहोचते. खोली रिकामीच आहे असे ती प्रणाली समजत असते, म्हणून क्रमांक आणि नाव बरोबर असूनही पाहुण्याला नकार मिळतो. आमच्या मुलांनी कितीतरी वेळा पाहुण्याला स्पेलिंग तपासायला लावले, आणि प्रत्यक्षात दोष आमच्या ऑडिटचा होता. यावर आम्ही असा तोडगा काढला की ऑडिट सुरू करण्याआधी इंटरनेटच्या प्रणालीतून चोवीस तासांचे काही तात्पुरते कोड छापून खणात ठेवायचे आणि त्या वेळात येणाऱ्या पाहुण्याला पाकिटासोबत तसा एक कोड द्यायचा.

ऑडिटची वेळ नसेल तर पाहुण्याला फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात. मोबाईलवर व्हीपीएन किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू आहे का, हे पहिले. ते चालू असेल तर लॉगिनचे पान दिसत नाही, आणि बंद केल्यावर बहुधा लगेच दिसते. तरीही पान आले नाही तर ब्राउझरमध्ये हा पत्ता टाइप करायला सांगावे:

```
http://neverssl.com
```

सुरक्षित जोडणीचे संकेतस्थळ उघडले की मोबाईल मध्येच आलेले हॉटेलचे पान स्वीकारत नाही, तर हे पान साध्या जोडणीचे असल्यामुळे हॉटेलची प्रणाली तिथे आपले लॉगिनचे पान दाखवू शकते. पत्ता फोनवर तोंडी सांगून समजत नाही, म्हणून तोही पाकिटाच्या आत छापलेला आहे.

नाश्ता आणि ‘उद्या’ हा शब्द

मध्यरात्र उलटल्यावर ‘उद्या’ हा शब्द वापरू नये, हा नियम मी माझ्या पाळीत कटाक्षाने पाळतो. रात्री दीड वाजता “नाश्ता उद्या साडेसातला” असे म्हटले तर बोलणाऱ्याच्या मनात पाच-सहा तासांनंतरची सकाळ असते, पण ऐकणाऱ्याच्या मनात कधीकधी त्यानंतरची. विशेषतः “उद्या चेक-आऊट” या वाक्याने आमच्याकडे एकदा खोलीवरून वाद झाला आणि चूक निःसंशय आमची होती. वाराचे नाव घ्यावे: “आता झोपून उठाल ती शनिवारची सकाळ. शनिवारी नाश्ता आहे, आणि रविवारीही आहे.”

दुसरी गोष्ट, उशिरा आलेल्या माणसाला नाश्ता केव्हा सुरू होतो यात रस नसतो. तो उशिरापर्यंत झोपणार आहे, म्हणून त्याला संपण्याची वेळ कळली पाहिजे. आमचा नाश्ता साडेसात ते साडेदहा असतो. आधी आम्ही दोन्ही वेळा सांगत होतो आणि लोकांच्या लक्षात पहिली राहत होती. आता वाक्य असे आहे: “नाश्त्याला शनिवारी दहा वाजेपर्यंत खाली या, साडेदहाला तो बंद होतो.” शहरातल्या तरुण पाहुण्यांपैकी काहींना ‘साडे’ आणि ‘सव्वा’ यांचा पटकन उलगडा होत नाही असे आढळल्यामुळे पाकिटावर ‘१०:३०’ असे आकड्यांत लिहिलेले असते, आणि बोलताना आम्ही त्या आकड्याखाली रेघ ओढतो.

लवकर निघणाऱ्यांचा प्रश्न मात्र रात्रीच विचारावा लागतो, कारण सकाळी तो सुटत नाही. दूधसागरच्या जीपसाठी कुळ्याला पोहोचायचे असेल किंवा सकाळचे विमान असेल तर पाहुणा नाश्ता सुरू होण्याआधीच बाहेर पडतो. “सकाळी सात वाजण्याआधी कुठे निघायचं आहे का?” असा एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर होकारार्थी असेल तर डबाबंद नाश्त्याची नोंद त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या चिठ्ठीवर करावी. आमच्याकडे त्यात पाव, उकडलेली अंडी किंवा भाजी आणि फळ असते, आणि पहाटे पाच वाजता येणाऱ्या आचाऱ्याला ती चिठ्ठी दिसावी लागते.

एका प्रकारच्या पाहुण्याला मात्र यातले काहीच सांगून चालत नाही, आधी त्याचे आरक्षण पाहावे लागते. शनिवारी पहाटे एकला पोहोचणाऱ्या काही जणांनी आरक्षण शनिवारचेच केलेले असते. त्यांच्या हिशेबाने ते वेळेवर आलेले असतात, पण हॉटेलच्या हिशेबाने त्यांची खोली शनिवारी दुपारी दोन वाजता सुरू होते, आणि शनिवार सकाळचा नाश्ताही त्यांच्या दरात नसतो. अशा पाहुण्याला खोली रिकामी आहे म्हणून कार्ड देऊन टाकणे आणि सकाळी एका रात्रीचे बिल पुढे ठेवणे हे अन्यायाचे आहे. म्हणून कार्ड बनवण्याआधीच, शांतपणे आणि एकाच वाक्यात, त्याला वस्तुस्थिती आणि रक्कम सांगावी: “ताई, तुमचं आरक्षण आज दुपारी दोनपासून आहे. आता खोली हवी असेल तर ही एक रात्र वेगळी धरावी लागेल, तिचे एवढे होतात आणि त्यात सकाळचा नाश्ता येतो.” यापुढे बोलू नये. आकडा कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवावा, घरच्यांशी बोलायला वेळ द्यावा, आणि तिने होकार दिल्यावर प्रणालीत ती रात्र जोडून मगच एन्कोडरकडे वळावे, म्हणजे कार्ड, वाय-फाय आणि नाश्ता या तिन्हींच्या तारखा एकमेकींशी जुळतात.